मूळ प्रत पाहिली

पत्नी गेली त्या वर्षी मी किती झेरॉक्स काढल्या याचा हिशेब माझ्याजवळ नाही. असता तर बरं झालं असतं, हे पुढे कळलं.

ती अकोल्याजवळच्या एका गावात शाळेत शिकवायची. आठवडाभर अकोल्याला आईकडे राहायची आणि शनिवारी दुपारी बसने अमरावतीला यायची. मी इथे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. तिच्या आधार कार्डावर अकोल्याचाच पत्ता होता. तो बदलून घ्यायचं दर सुट्टीत ठरायचं आणि राहून जायचं.

तेराव्यानंतर कागद सुरू झाले. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विमा, दोन बँका, गॅस. प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला, तिचं आधार, तिचं पॅन, माझं आधार. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर आणि तिथून पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात, असे पहिले दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी ग्रंथपालाला शोभेल अशी शिस्त लावली. तहसीलसमोरच्या दुकानात जाऊन एका पानावर वर तिचं कार्ड, खाली माझं, असे तीस संच काढून घेतले. पॅनच्याही तितक्याच प्रती काढल्या. घरी टेबलाशी बसून प्रत्येक संचाला टाचणी मारली. कुठे कशासाठी लागेल हे ठाऊक नव्हतं, म्हणून पानांवर काहीच लिहिलं नाही.

दुकानदार चाचा माझ्या ओळखीचे होते, ग्रंथालयाची कामंही त्यांच्याकडेच जात. काळ्या पडलेल्या, तिरप्या आलेल्या आठ-दहा प्रती त्यांनी बाजूला काढल्या आणि विचारलं, "सर, ये फाड दूँ?"

"राहू द्या," मी म्हणालो. "मागची बाजू कोरी आहे. कुणाला लिहायला होतील."

कागद वाया घालवायचा नाही, ही आमच्या घरची दोघांचीही सवय. ती पाठकोऱ्या कागदावर पाठाचं टिपण काढायची, मी पुस्तकांच्या याद्या करायचो. त्या सवयीने मी माझ्या बायकोचं कार्ड दुकानाच्या फळीवर ठेवून आलो, आणि वर थोडं पुण्य केल्यासारखं वाटून घेतलं.

साताठ महिने झाले असतील. एक दिवस सासूबाईंचा फोन आला. त्यांनी उभी हयात भाजीबाजारात काढली होती. आवाज अजून तसाच, चार दुकानं पलीकडे जाईल असा.

"बापू, दोघं जण आले होते फटफटीवर. म्हणे म्याडमले बोलवा."

"कोणत्या मॅडम?"

"आपलीच. तिचं नाव घेतलं पुरं. म्हणे मोबाइल घेतला तिनं कर्जावर, हप्ता भरून नाही राहिली. मी म्हणलं, ते गेली रे बाबा. तं म्हणे, आजी, लपवू नका. म्या म्हणलं, लपवाले ते काय कांद्याचं पोतं हाये?"

मला वाटलं, चुकीच्या दारात आले असतील. चार दिवसांनी ते पुन्हा आले, मग एक दिवस आड येऊ लागले. कधी दोघे, कधी एकटा. एकाने ओट्यावर बसून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिचं नाव आणि थकलेले हप्ते वाचून दाखवले. सासूबाई फोनवर भांडणातल्या आवाजात सगळं सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "बापू, रोज सांगा लागते, गेली म्हणून. किती डाव सांगू मी?"

त्या वाक्यानंतर मी अकोल्याची बस धरली. मला एवढंच करायचं होतं: त्या माणसांचं त्या दारात येणं बंद.

कर्ज देणाऱ्या कंपनीची शाखा पहिल्या मजल्यावर होती. काउंटरवरचा अधिकारी तिशीतला, सभ्य. मी दाखला पुढे केला. त्याने संगणकात पाहिलं.

"सर, खातं मॅडमच्या नावावर आहे. तक्रार त्याईच्याच सहीनं लागते. त्याईले घेऊन या."

"त्या वारल्या. तुमच्या हातात दाखला आहे."

"हो, पण सिस्टममधे तशी नोंद नाही नं." मग जरा विचार करून त्याने एक फॉर्म काढला. "हा भरा. कर्जदार मयत. वारस म्हणून तुमी सही करा, बाकी आमी पाहू."

मी फॉर्म वाचला. वाचल्याशिवाय सही न करण्याची सवय त्या दिवशी उपयोगी पडली. त्यात लिहिलं होतं की, कर्जदाराने घेतलेल्या कर्जाच्या येणे रकमेबाबत मी तिचा वारस म्हणून अर्ज करत आहे. म्हणजे कर्ज तिनेच घेतलं, हे मी मान्य करायचं.

"कर्ज कधी दिलं तुम्ही?"

त्याने तारीख सांगितली. तिला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

"मग ती मयत कर्जदार कशी? कर्ज घेतलं त्या दिवशीही ती नव्हतीच."

"सर, तुमचं बरोबर आहे. पण आमच्याकडे दुसरा फॉर्म नाही."

मी फॉर्म सही न करता परत सरकवला. म्हणालो, "फाइल दाखवा." तो नाही म्हणाला, मग साहेबांना विचारून आला. फाइल म्हणजे पाच पानं. अर्जावर दुसऱ्याच एका बाईचा फोटो, रुंद कपाळाची, हसरी. सही इंग्रजीत. माझी बायको आयुष्यभर मराठीत सही करायची. मोबाइल नंबर अनोळखी. पहिले दोन हप्ते रोख भरलेले, नंतर काही नाही. आणि आधारची झेरॉक्स. तिच्यावर मोबाइलच्या दुकानातल्या एजंटाने शिक्का मारला होता: 'मूळ प्रत पाहिली'. खाली त्याची सही.

मूळ प्रत माझ्या कपाटात होती.

त्या झेरॉक्सच्या खालच्या काठाशी एक बारीक काळी रेघ दिसत होती. माझ्या कार्डाची वरची कड. कुणीतरी पान मधून कापलं होतं, पण काटेकोर कापलं नव्हतं. म्हणजे ती माझ्याच तीस संचांतली होती, नाहीतर फळीवर ठेवलेल्या त्या प्रतींतली.

संध्याकाळी अमरावतीला उतरून थेट दुकानात गेलो. चाचांनी मान खाली घातली. "सर, झूठ नहीं बोलता. त्या कागदांच्या मागं लोक नंबर लिहून नेत. एकदा रद्दीवाल्यालाही गठ्ठा दिला. किसके हाथ लगा, कैसे बोलूँ?"

त्यांच्यावर चिडायला मला जागा नव्हती. संच मी सहा कार्यालयांत दिले होते, एका दलालाकडेही दिला होता, आणि एक तर एका कारकुनाच्या मोबाइलवर फोटो काढून पाठवला होता. सगळ्या प्रती एकसारख्या. एखादीवर 'फक्त विमा दाव्यासाठी', तारीख आणि सही एवढं आडवं लिहिलं असतं, अक्षरं कार्डाच्या छपाईवरून गेली असती, तर ती दुसऱ्या कामाला वापरणं अवघड झालं असतं. वापरलीच असती, तरी कुठून फुटली ते समजलं असतं. ग्रंथालयात मी प्रत्येक पुस्तक कुणाच्या हाती दिलं ते पंचवीस वर्षं लिहून ठेवलं, आणि तिच्या ओळखीची एकही नोंद ठेवली नाही.

तिचा जुना फोन मी बंद केला नव्हता. दर महिन्याला रिचार्ज करत होतो. का, ते विचारू नये. त्या फोनवर आलेला ओटीपी टाकून दूरसंचार खात्याच्या संकेतस्थळावर पाहिलं, तर तिच्या नावावर तीन नंबर होते. एक तिचा. कर्जाच्या अर्जावरचा एक. तिसरा कुणाचा ते आजही माहीत नाही. दोन्ही 'माझे नाहीत' म्हणून कळवले. ते बटण मी तिच्या वतीने दाबलं.

मग अर्ज. पोलिसांच्या सायबर कक्षात एक, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एक, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला एक. त्या संस्थेने उत्तर दिलं की कंपनीने मान्य केल्याशिवाय नोंद बदलता येत नाही. कंपनी म्हणाली, पोलिसांची पोच आणा. पोलीस म्हणाले, कंपनीकडून कर्जाची कागदपत्रं आणा. आणि या तिघांनाही हवं होतं तेच: दाखल्याची झेरॉक्स, तिच्या आधारची झेरॉक्स, माझ्या आधारची झेरॉक्स.

या वेळी मी माझं झाकलेल्या आकड्यांचं आधार उतरवून घेतलं, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. तिच्या प्रतीवर कार्डावरूनच आडवं लिहिलं: कुणाला, कशासाठी, तारीख. कंपनीच्या त्याच अधिकाऱ्याने ती परत केली.

"सर, यावर लिहिलेलं आहे. कोरी द्या. स्कॅनमधे खराब दिसते."

"कोरी तुमच्याकडे आहे," मी म्हणालो. "शिक्का मारलेली."

त्याने कागद घेतला, पोच दिली.

तरीही दीड महिना माणसं येत राहिली, कारण वसुलीचं काम दुसऱ्याच एजन्सीकडे होतं आणि तिला कुणी कळवलं नव्हतं. मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन असं लिहिल्यावर उत्तर आलं. कर्ज फसवणुकीने घेतलेलं असल्याचं मान्य, खातं रद्द, नोंद काढून टाकत आहोत. एजंटाचं काय झालं, ती हसरी बाई कोण, यावर एक अक्षर नव्हतं. पत्राची सुरुवात होती 'प्रिय ग्राहक' आणि खाली तिचं नाव.

पत्र घेऊन मी अकोल्याला गेलो. सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी सगळं वाचून दाखवलं, आता कुणी येणार नाही म्हणालो.

"आठ रोज झाले, नाहीच आले कोनी," त्या म्हणाल्या.

"चांगलं झालं ना."

"झालं तं." त्यांनी काड्या बाजूला सारल्या. "होते मेले हरामखोर. पन दारात उभं राहून तिचं नाव तं घेत होते, बापू. आता कोनी घेत नाही."

मी पत्राची घडी घातली. त्यांच्यासमोर बसलो आणि मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढली.