तिला काय आवडायचं

सून घरात येऊन पाच महिने झाले होते आणि माझं घर धर्मशाळेसारखं झालं होतं. भांडण नाही, काही नाही. माझा मुलगा निखिल मेघाला विचारायचा, "पंखा बंद करू का? तुम्हाला चालेल?" ती म्हणायची, "तुम्हाला हवं तसं." लग्न आम्ही मोठ्यांनी ठरवलेलं. दोघं सज्जन, पण एकमेकांना हात लावायलासुद्धा परवानगी काढावी असे. मी आडदांड माणूस. एकदा जेवताना बोललो, "अरे, बायको आहे ती, पाहुणी नाही!" मेघानं मान खाली घातली, त्या दिवसापासून दोघं माझ्यासमोर आणखी गप्प. माझीच चूक.

मग तिनं माहेरचं, साताऱ्याचं तिकीट काढलं. परतीचं काढलं नव्हतं. "काही त्रास नाही बाबा, हे खूप चांगले आहेत," म्हणाली. चांगले तर शेजारीपण असतात.

ती निघायच्या आदल्या दिवशी माझ्या बायकोचं श्राद्ध होतं, तिला जाऊन दोन वर्षं झाली. गुरुजींचा फोन आला, "वहिनींच्या आवडीचं काहीतरी ताटात असू द्या." मला सांगता येईना. एकेचाळीस वर्षं फरीदाबादेत संसार केला. मला आवडतं म्हणून ती आमटीत गूळ घालायची. तिला काय आवडायचं, मी कधी विचारलंच नाही. निखिललाही माहीत नव्हतं.

गुरुवारी तिघं दत्ताच्या देवळात गेलो. मी देवाला म्हटलं, मी मूर्ख, तूच सांग. बाहेर आलो तर शकरकंदीची, म्हणजे भाजलेल्या रताळ्यांची गाडी. गाडीवाल्यानं माझ्या हातातली निळी पिशवी ओळखली. "अरे, ये थैला तो आंटीजी का है! आती नहीं अब?" मी म्हटलं, "गुजर गईं." त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाला, "हर गुरुवार आप आरती में होते थे, तब यहाँ खाती थीं. नींबू ज़्यादा. कहती थीं, हमारे साहब को जल्दी रहती है."

मी तिथंच रस्त्यावर रडलो. मेघानं पाठीवर हात ठेवला. मी म्हणालो, "मी तिच्याशी वाईट वागलो नाही गं. विचारलं नाही, एवढंच."

घरी आलो. जेवताना निखिलनं हळूच विचारलं, "मेघा, तुला काय आवडतं?" 'तू' म्हणाला, पहिल्यांदाच. तिनं आमटीची वाटी बाजूला सरकवली. "आवडतं ते नंतर सांगते. आमटीत गूळ मला अजिबात आवडत नाही. तुमच्याकडची पद्धत म्हणून पाच महिने घालतेय."

निखिल म्हणाला, "यार, मलापण नाही आवडत. बाबांसाठी खातो."

"मग बोलायचं ना!" ती रागावली. खरंच रागावली. माझ्या घरात किती दिवसांनी कुणीतरी रागावलं.

श्राद्धाच्या ताटात भाजलेली शकरकंदी ठेवली, लिंबू जास्त पिळून. दुसऱ्या दिवशी मेघा निघाली. निखिल तिची बॅग उचलून खाली गेला. दारातून ती म्हणाली, "बाबा, आल्यावर आमटी माझ्या पद्धतीनं करीन. तिखट."

कधी येणार, मी विचारलं नाही. दोघांमध्ये बोलायचं माझं काम संपलं. ते त्या दोघांवर आणि दत्तावर सोडलं. दर गुरुवारी गाडीवर पानाच्या द्रोणातली शकरकंदी घेतो आणि सावकाश खातो. मला आता घाई नाही. बायको असताना हवी होती ही सवड. दत्त महाराज, उशिरा का होईना, तुम्ही सांगितलंत.