माधुरीबाईंची जुनी सही

माधुरी भिंगारदिवे बाईंनी आयुष्यात कुणाचा एक रुपया बुडवला नाही. राहुरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं नोकरी आणि सव्वीस वर्षं भाड्याच्या खोल्या. नवरा गेल्यावर तर उधारीच्या वाण्याकडेही त्या फिरकल्या नाहीत.

शिक्षकांमध्ये जामीनकीची रीत जुनीच. आज तू मला सही दे, उद्या मी तुला देतो. १९९८ साली रंगनाथ सरांनी घरासाठी कर्ज काढलं, तेव्हा मधल्या सुट्टीत बाईंनी डबा बाजूला सारून सही केली. बोटाला लोणच्याचं तेल होतं, कागदावर डाग पडला. सर हसले, म्हणाले, "बाई, आता हा डाग पंधरा वर्षं निघायचा नाही!" दुसऱ्या दिवशी पेढे आले आणि सहीची गोष्ट बाई विसरून गेल्या.

२००९ साली देवळाली प्रवरात सूर्यभान कडूंचं दोन खोल्यांचं घर त्यांनी विकत घ्यायचं ठरवलं. पन्नास हजार इसार दिला. महिन्याच्या आत खरेदीखत झालं नाही तर इसार बुडीत. बाकीच्या नऊ लाखांसाठी बँकेत अर्ज केला. 'इतरांच्या कर्जास जामीन' या रकान्यात त्यांनी निःशंकपणे 'नाही' लिहिलं.

बँकेतला नितीन नावाचा तरुण अधिकारी सिबिलचा रिपोर्ट पुढे सरकवत म्हणाला, "मॅडम, इथे तुमच्या नावावर एक कर्ज दिसतंय."

"माझ्या? मी कधी कर्जच घेतलं नाही."

"घेतलं नाहीत, जामीन आहात. रंगनाथ काळे."

"अहो, ते तर वेळच्या वेळी हप्ते भरतात!"

"भरतात, म्हणूनच कुणी तुम्हाला कळवलं नाही. पण त्यांनी थांबवले तर बँक तुमच्याकडेच येणार ना? आमची बँक तो हप्ता तुमचाच धरते. पगार चोवीस हजार, त्याच्या निम्मे, म्हणजे बारा हजार हप्त्यांना. त्यातून सरांचे बेचाळीसशे वजा. उरलेल्यात सव्वासात लाखांच्या वर बसत नाही."

"मग काय करू?"

"त्यांच्या बँकेने तुमच्या जागी दुसरा जामीनदार मान्य केला, तर नाव निघेल. नाहीतर त्यांचं राहिलेलं दीड लाखाचं कर्जच फिटलं पाहिजे. रिपोर्टमध्ये उमटायला महिना-दीड महिना जातो, पण फिटल्याचं पत्र आणलंत तर आम्ही त्यावर चालवून घेऊ."

इसाराच्या मुदतीला अकरा दिवस होते. दुसऱ्याच दिवशी बाईंनी सरांच्या गावाची, राहात्याची एसटी धरली. खिडकीशी बसून पर्स सतरा वेळा उघडली, मिटली. काय बोलायचं ते जुळेना.

रंगनाथ सर निवृत्त झाले होते. ऐकून आधी भडकले. "अकरा वर्षांत एक हप्ता चुकवला नाही मी! माझ्यामुळे तुमचं अडलं म्हणता?"

"तुमच्यामुळे नाही हो सर. माझ्या सहीमुळे."

बाईंच्या जागी सही द्यायला सरांनी मुलाला हाक मारली. मच्छिंद्र कारखान्यात क्लार्क. तो दारातूनच म्हणाला, "आप्पा, मला टेम्पोचं कर्ज काढायचंय. सही दिली की माझंही तेच होणार. बाईंना आत्ता कळलं, मला आधीच ठाऊक हाय."

"लई शहाणा झाला!" आतून सरांच्या पत्नी छबूबाई म्हणाल्या. गुडघ्यांना तेल लावून त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "बाईंनी सही दिली तवा इचारलं व्हतं का कुनाला?"

बाई चहा अर्धा ठेवून उठल्या.

नंतरचे दिवस सरता सरेनात. वर्गात पाढे म्हणून घेताना त्या मध्येच दाराकडे बघत. सूर्यभान दोनदा येऊन गेला, "बाई, दुसरं गिऱ्हाईक हाय बरं का." सरांना फोन करावा असं सारखं वाटे. पण कोणत्या तोंडाने?

मुदतीला तीन दिवस उरले असताना सर स्वतः शाळेत आले. पाकीट टेबलावर ठेवलं. कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र होतं.

"दीड लाख कुठून आणलेत, सर?"

"ठेव मोडली."

"कशासाठीची?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. "हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं होतं. आता पुढच्या वर्षी बघू."

बाईंनी पाकीट परत सरकवलं. सरांनी ते पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं आणि चहा न घेताच निघून गेले. घंटा झाली तरी बाई तशाच बसून होत्या. शेवटी पाकीट पर्समध्ये घालून त्या बँकेत गेल्या.

घर झालं. गृहप्रवेशाच्या बुद्धवंदनेला सर-छबूबाई आले. ओट्याला चार पायऱ्या. छबूबाई सरांचा खांदा धरून एकेक चढल्या, वर येऊन धापा टाकत म्हणाल्या, "बाई, लई उंच हायेत वं पायऱ्या!"

सगळे हसले. बाईंनी घाईघाईने खुर्ची पुढे केली. त्या दिवसापासून स्वतःच्या घरात शिरताना त्यांचा पाय पहिल्या पायरीवर क्षणभर थांबतो.