देऊळ नको म्हटलं तरी देऊळच

महाडला फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइन करते. वीस मार्चच्या सत्याग्रह दिनाच्या बॅनरसाठी चित्र काढणाऱ्या एआयला मराठीत लिहिलं, ‘चवदार तळं, गर्दी, देऊळ नको.’ चित्रात काठावर देऊळच उभं राहिलं.

मालक म्हणाले, "मराठी त्याला कळत नाय. इंग्रजीत लिही."

तेच इंग्रजीत लिहिलं, तर दोन देवळं आली. मग नको असलेलं लिहायचंच सोडलं. दिसतं तेवढंच मराठीत सांगितलं: चौकोनी तळं, दगडी कठडा, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, निळे झेंडे, भर दुपार. तळं आलं, देऊळ नाही.

मालकांनी हेही इंग्रजीत करायला लावलं. कठडा जरा रेखीव आला, बाकी तेच.

इंग्रजीला विचारायचं कशाला, म्हणून मी मराठीतून आलेलं चित्रच छापायला लावलं. या तळ्याचं पाणी प्यायला आमच्या माणसांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती.