पाचशे सातची लाईन

हॉटेलात टेलिफोन ऑपरेटरचं तोंड कोणी बघत नाही. रिसेप्शनच्या मागे एक खोली, तिच्यात एक बोर्ड, एक एसी जो फक्त माझ्या मानेवर वारा सोडायचा, आणि मी. अंधेरीला विमानतळाजवळच्या त्या हॉटेलात मी सहा वर्षं नाईट केली. शेकडो गेस्ट माझ्याशी बोलले असतील. त्यातल्या एकानेही मला रस्त्यात ओळखलं नसतं. मला ते बरंच होतं म्हणा. थोबाडावर हसू चिकटवून उभं राहणं माझ्याच्याने होत नाही.

पण आवाज माझा झकास होता, खोटं कशाला बोलू. घाटकोपरच्या आमच्या चाळीत मी भाजीवाल्याशी भांडायला लागले की चार दारं उघडायची. तोच आवाज बोर्डावर बसले की मधात घोळवून काढायचे. ट्रेनिंगमध्ये एक बाई आली होती. तिने एकच गोष्ट डोक्यात भरवली होती, गेस्टचं नाव घ्या. नाव घेतलं की माणूस सुखावतो. फोन उचलल्यावर नाव, ठेवताना नाव. आम्ही पोरी तिची नक्कल करून हसायचो, पण सवय लागली ती लागलीच.

त्या आठवड्यात ब्लँक कॉल येत होते. तीन रात्री, साडेदहा-अकराच्या सुमारास. मी आपलं पूर्ण पाठ म्हणायचे, हॉटेलचं नाव, नमस्कार, मी आपली काय सेवा करू शकते. पलीकडे कोणीतरी असायचं. श्वास ऐकू यायचा. मी संपेपर्यंत थांबायचं आणि मग ठेवून द्यायचं. तिसऱ्या रात्री मी पाठ सोडून सरळ म्हणाले, "काय रे मेल्या, घरी आयाबहिणी नाहीत काय?" तेव्हासुद्धा आधी सगळं ऐकून घेतलं आणि मगच ठेवला. मला तेव्हा वाटलं, कोणी रिकामटेकडा असेल.

चौथ्या रात्री, अकरा वाजून गेल्यावर, बाईचा आवाज आला. गोड, शांत, अजिबात घाई नाही. "पाचशे सातला द्या ना, प्लीज."

आमच्याकडे नियम होता. रात्री अकरानंतर बाहेरचा कॉल खोलीत द्यायचा नाही, जोवर समोरचा माणूस गेस्टचं नाव सांगत नाही. नुसता रूम नंबर कोणीही सांगेल. मला हा नियम झोपेतसुद्धा पाठ होता. आणि मी काय केलं? स्क्रीनवर नाव दिसत होतं, जिभेला सवय होती. मीच विचारलं, "मिसेस अमुक यांची रूम ना?" पूर्ण आडनाव घेऊन, मधात घोळवून. ती म्हणाली, "हो, त्याच." मी लाईन दिली.

बस. एवढंच झालं. पाच सेकंद लागले असतील.

थोड्या वेळाने तीनशे अकरामधून फोन आला. तिथले गृहस्थ तडकलेले होते. "किती वेळा सांगू तुम्हाला? कार्ड फेल झालं तर सकाळी खाली येऊन बघतो. फोनवर नंबर सांगणार नाही."

मी म्हणाले, "सर, मी आपल्याला फोन केलेला नाही."

"अहो, मघाशी तुम्हीच बोललात की! हाच आवाज. 'मी आपली काय सेवा करू शकते' म्हणालात."

साडेदहाला, नियमाची वेळ व्हायच्या आधी, त्यांना एक कॉल मी दिला होता, ते आठवलं. खोलीतल्या फोनला डिस्प्ले नसतो. मी जोडलेला बाहेरचा कॉल आणि खालून रिसेप्शनने केलेला कॉल, खोलीतल्या माणसाला दोन्ही सारखेच. फोन वाजतो, कोणी गोड बोलतं, माणूस समजतो की काउंटरवरून बोलतायत. मी बोर्डाकडे बघितलं. पाचशे सातला जोडलेल्या लाईनचा दिवा अजून जळत होता. नऊ मिनिटं झाली होती.

मी ती लाईन तोडली. लगेच खोलीत फोन लावला. पाच-सहा रिंग गेल्या.

"काकी, मी खालून ऑपरेटर बोलतेय. आत्ता तुमच्याशी जी बाई बोलत होती ती आमची नाही. कार्डाचं काहीही सांगू नका."

मग एक म्हातारा, घाबरलेला, ठाम आवाज. "तिना माका सांगल्यान होता. लाईन कट झाली की कोणतरी फोन करतला, मीच हॉटेलची म्हणान सांगतला, तेच्यार विश्वास ठेव नको." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

पाचशे सातमधली ही बाई कोण ते सांगते. कणकवलीकडची. नवरा जवळच्या हॉस्पिटलात, दुसऱ्या दिवशी दुपारी हृदयाचं ऑपरेशन. मुलगा वॉर्डात बापाजवळ बसलेला, आईला जबरदस्तीने झोपायला आमच्याकडे पाठवलेली. ऑपरेशनचे पैसे दुपारी बाराच्या आत भरायचे होते आणि ते सगळे तिच्या कार्डाच्या खात्यात. हे मला ठाऊक होतं, कारण संध्याकाळी मी ड्युटीवर आल्या आल्या तिने मला फोनवर अर्धा तास सांगितलं होतं. माझं मालवणी ऐकून तिला केवढा आनंद झाला होता, काय सांगू.

बोर्ड रिसेप्शनच्या पोराला सांभाळायला दिला आणि मी वर पळाले. मॅनेजर एअरलाईनच्या क्रूला खोल्या देत होता, त्याला लांबूनच ओरडून सांगितलं.

पाचव्या मजल्यावर गालिचा असा जाड की आपलीच पावलं आपल्याला ऐकू येत नाहीत. पाचशे सातच्या दाराशी गेले, हात उचलला आणि तसाच राहिला. आतून माझा आवाज येत होता.

आईशप्पथ सांगते. तेच शब्द, तीच ओढ, वाक्याच्या शेवटी मी जसा सूर किंचित वर नेते तसाच. काकींनी मोबाईल स्पीकरवर टाकला होता. म्हणजे खोलीतली लाईन तुटायच्या आधीच बयेने मोबाईल नंबर काढून घेतला होता. "घाबरू नका, काकी. पहिला कोड बरोबर लागला. फेल झालेला व्यवहार रद्द करायचा तर आता अजून एक कोड येईल, तो वाचा." मी इथे उभी आहे आणि मी आत बोलतेय. क्षणभर मला खरंच वाटलं की आतली ती खरी आणि मी उगाच दाराशी आलेली कोणीतरी.

मी दार बडवलं. "काकी, वाचू नका! उघडा!"

आतला आवाज शांतपणे म्हणाला, "बघा, आलेच ते. दार अजिबात उघडू नका. मी सिक्युरिटी पाठवतेय."

"कोण गो तू?" काकी आतून ओरडल्या. रडवेल्या झाल्या होत्या. "माका कशाक छळतंस? मी पोलिसांका बोलवतलंय."

"बोलवा! आत्ता बोलवा!" मीही ओरडले. काय सांगणार होते? तोंड दाखवून उपयोग नव्हता, तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. तिला माझा फक्त आवाज ठाऊक होता आणि तो चोरीला गेला होता. मास्टर की मॅनेजरकडे, आणि चावीने दार उघडलं असतं तर बाई भीतीनेच गेली असती. शेवटी मी कपाळ दाराला टेकलं आणि जे सुचलं ते बोलले, आमच्या घरातल्या बोलीत. "काकी, पेज मीच सांगितलंय ना तुमका? तो नेपाळी कुक म्हणा होतो पेज म्हणजे काय. मी सांगितलंय, तांदूळ फुटासर शिजव, मीठ घालू नको, काकींक प्रेशर आसा. तिका इचारा. इचारा तिका, पेज कोणी सांगितली."

मग काकींनी हळू विचारलं, "गो बाय, माझी पेज कशी होती?"

माझा आवाज म्हणाला, "मॅडम, कोड वाचा."

मॅडम. काकी नाही आता. तेवढ्याने काम झालं. साखळी सरकली. दारात एक ठेंगणी म्हातारी उभी, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात कार्ड उलटं धरलेलं, मागचे तीन आकडे वर. मी मोबाईल घेतला. अजून चालू होता. कानाला लावला आणि फक्त श्वास ऐकू आला, त्या तीन रात्रींतला. तेव्हा माझं बोलणं रेकॉर्ड करून त्यावरूनच हा नकली आवाज बनवला होता. मग तिने ठेवला.

कार्डाच्या मागच्या नंबरवर बँकेला फोन करून कार्ड बंद केलं. सायबरच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, तिचा नंबर मिळाला. दुसरा कोड वाचला गेला नव्हता, तो मोठ्या रकमेचा होता. पहिला गेला होता. एकोणपन्नास हजार. बँकेतला माणूस म्हणाला, कोड तुम्हीच दिलात ना, मग बघू, खात्री नाही. काकी पलंगावर बसून नुसत्या मान हलवत होत्या. मुलाला कळवू नको म्हणाल्या, तो आत्ताच बापाजवळून उठून यायचा.

ड्युटी संपवून मी सातला रिसेप्शनपाशी गेले. काकी नेसून, केस विंचरून खाली आल्या होत्या. हातातल्या चारही पाटल्या काढून रुमालात गुंडाळलेल्या. पहाटे मुलाला कळवलं होतं; कार्ड बंद, पण खात्यातले उरलेले पैसे तो बँकेतून सरळ हॉस्पिटलला पाठवणार होता, कमी पडले ते पाटल्यांवर. सोनार किती वाजता दुकान उघडतो, विचारत होत्या. मनगटं एकदम उघडी, पांढरी दिसत होती. मला पाहिलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. तू नसतंस तर माझो घो गेलो असतो, असं सगळ्यांदेखत म्हणाल्या. मॅनेजर कौतुकाने माझ्याकडे बघत होता. मला तिथल्या तिथे धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग त्या म्हणाल्या, "एक सांग गो. माझा आडनाव तिका कसा कळला? आडनाव घेतल्यान, म्हणान तर माका खरा वाटला."

असल्या लोकांना सगळं कळतं काकी, असं म्हणता आलं असतं. मॅनेजरसमोर तेच शहाणपणाचं होतं. पण रात्रभर तो आवाज माझ्या कानात होता. त्या आवाजात खोटं बोलणं मला जमेना.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "तिने नुसता रूम नंबर दिला होता. नाव मी घेतलं. नियम मोडला मी, काकी."

मॅनेजरचा चेहरा उतरला. काकींनी माझा हात सोडला. झिडकारला नाही, नुसता सोडला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, जणू माझं तोंड आत्ता पहिल्यांदा दिसलं.

"म्हणजे पयला नाव तूच दिलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी रुमालाची गाठ घट्ट केली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "संध्याकाळी मी पेज खाऊक येतलंय," त्या म्हणाल्या. "पण खोलयेत फोन करू नको. काय सांगूचा असात तर वर ये आणि तोंडार सांग."