बुखहोल्ट्सचा अर्धा गुण

टोगेनबुर्गच्या घाटात व्रेनी आब्डेरहाल्डेन पोस्टाची पिवळी बस चालवायची आणि वर्षातून एकदा, शरदात, गावच्या सभागृहात बुद्धिबळाची खुली स्पर्धा खेळायची. गेली दोन वर्षं मात्र ती बक्षिसासाठी खेळत नव्हती. रेटो कुंक्लरचं काहीतरी वाईट व्हावं, एवढीच तिची इच्छा होती.

कुंक्लर म्हणजे गावच्या बुद्धिबळ मंडळाचा अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी ती त्याच्याशी खेळत होती आणि तिचा नवरा हान्सयेर्ग इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता. डाव सुरू होण्याआधी ती त्याला म्हणाली होती, "फोन चालू ठेवू का? कधीही बोलावणं येईल." तो म्हणाला, "ठेव की. आपण काय परके आहोत?" फोन वाजला तेव्हा तिचा डाव चढता होता. कुंक्लरने हात वर केला, पंचांना बोलावलं. खेळताना फोन वाजला की डाव गेला, असा नियम; ती हरली. ती पोहोचली तेव्हा हान्सयेर्ग गेला होता. चषक कुंक्लरने नेला, आणि अंत्यविधीला फुलं पाठवली.

या वर्षी पहिल्याच फेरीत तिची गाठ पुन्हा त्याच्याशी पडली आणि ती हरली. या स्पर्धेत हरणाऱ्याला घरी पाठवत नाहीत. प्रत्येक फेरीला ज्याचे जितके गुण, त्याला तितक्याच गुणांचा माणूस समोर येतो. जिंकणारे वर जाऊन एकमेकांना भिडतात, हरलेले खाली आपसांत सावरतात. व्रेनी तळाशी गेली आणि, मध्ये आणखी एक डाव गेला तरी, एकेक जिंकत हळूहळू वर आली. सातव्या, शेवटच्या फेरीला तिचे चार गुण होते. समोर बोसार्ड आजोबा, निवृत्त सुतार, त्यांचेही चारच.

वर कुंक्लर आणि तरुण लुकास इमफेल्ड बरोबरीत होते. दोघांचा आपसांतला डाव आधीच बरोबरीत सुटला होता, आणि एकदा खेळलेले पुन्हा भिडत नाहीत. म्हणून त्यांना वेगवेगळे प्रतिस्पर्धी मिळाले. दोघेही लवकर जिंकले. साडेसहा गुण दोघांचे.

आजोबा विचारात असताना व्रेनी पाणी प्यायला बाहेर आली. सुपाच्या भांड्यापाशी कुंक्लर खजिनदाराला सांगत होता, "आता बुखहोल्ट्स. मी ज्यांच्याशी खेळलो त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज. ज्याची जास्त, त्याचा चषक. बाकी सगळे डाव संपलेत. व्रेनी जिंकली की माझी तीस, इमफेल्डची साडेएकोणतीस."

"आणि हरली तर?"

"हरते कशाला? एक वजीर जास्त आहे तिच्याकडे." मग तो तिच्याकडे वळून गोड हसला. "छान खेळतेयस हं, व्रेनी. माझ्यासाठी तरी जिंक."

ती आत गेली. आजोबांनी खेळी केली होती. घड्याळ आता तिचं चालत होतं. एक प्यादं पुढे ढकललं की डाव संपत होता. तिने हात मांडीवर ठेवले.

कुंक्लर टेबलाशी येऊन उभा राहिला. तिने पटाकडे पाहिलंच नाही. ती त्याच्याकडे पाहत बसली. आधी त्याला वाटलं, विचार करतेय. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याला बोलायची मुभा नव्हती. पंचबाई शेजारीच उभ्या होत्या. मिनिटं सरली, सेकंद सरले. घामाने त्याची कॉलर ओली झाली. दोन वर्षांत व्रेनीला इतकं शांत कधी वाटलं नव्हतं.

घड्याळ शून्यावर आलं. आजोबा गोंधळून म्हणाले, "अगं, तुझी वेळ संपली." तिने गुणपत्रिकेवर सही केली.

"मुद्दाम केलंय तिने!" कुंक्लर ओरडला. "सगळ्यांनी पाहिलंय."

पंचबाई म्हणाल्या, "मी विचारते. व्रेनी, काय झालं?"

"खेळी सुचली नाही," व्रेनी म्हणाली.

पंचबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि निकाल नोंदवला. कुंक्लरची बेरीज एकोणतीस झाली. चषक इमफेल्डच्या हातात गेला, आणि अध्यक्ष म्हणून तो देण्याची वेळ कुंक्लरवरच आली. टाळ्या वाजत असताना व्रेनीने सगळ्यांत जास्त वाजवल्या.

बाहेर वाहनतळावर बोसार्ड आजोबा तिची वाट पाहत थांबले होते. तिला पाहून अभिवादनाला त्यांनी टोपी काढली नाही.

"मी हरत होतो, बाई. मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं खेळतोय. मला असा गुण कुणी कधी दिला नव्हता."

"आजोबा, तो रोख तुमच्यावर नव्हता."

"समोर तर मीच बसलो होतो."

ते सायकल ढकलत निघून गेले. पुढे कधीच ते तिच्याशी खेळायला बसले नाहीत. जोडी लागली की आजारी असल्याचं सांगून डाव सोडायचे. त्याचं तिला वाईट वाटे. कुंक्लरचं मात्र कधीच नाही. तो बसथांब्यावर उभा दिसला की ती दार उघडून म्हणायची, "या, अध्यक्ष." तो बहुतेक वेळा पुढच्या बसची वाट पाहायचा.