नऊ दिवसांची माफी

महत्त्वाचं ईमेल आलं की मी ते वाचते आणि पुन्हा 'न वाचलेलं' करून ठेवते. म्हणे निवांत बसून नीट उत्तर देऊ! फालतू ईमेलना मात्र तडकाफडकी उत्तर जातं. माझ्या या अतिशहाणपणापायी एका पोरीची नोकरी जाता जाता राहिली.

बुटीबोरीच्या सूतगिरणीत मी क्वालिटी विभाग सांभाळते. ती पोरगी कुही गावची, तीन वर्षं माझ्या हाताखाली होती, कामाला चोख. पुण्याच्या कंपनीत निवड झाली म्हणून आमच्याकडे राजीनामा देऊन घरी गेली. त्या कंपनीने मला ईमेलवर विचारलं होतं: किती काळ काम केलं, वागणूक कशी, पुन्हा कामावर घ्याल का? चार शब्द छान लिहू म्हणून मी ते ठेवून दिलं. नऊ दिवसांनी दुसरंच काही शोधताना सापडलं, वर त्यांचं स्मरणपत्र: उत्तर न आल्याने नेमणूक थांबवली आहे, तसं उमेदवारालाही कळवलं आहे.

घाईघाईने लिहायला बसले. ऑडिट होतं, दोन मशीन बंद पडल्या, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सगळं खरं. गिरणीचं स्टोअर सांभाळणारे भाऊ माझ्या समोरच बसतात, त्यांना वाचून दाखवलं.

"मॅडम, तुम्ही माफी मागून राहिल्या का गाऱ्हाणं सांगून राहिल्या? त्या पोरीचं तर यात काहीच नाही!"

अस्सा राग आला! पण माणूस बरोबर बोलत होता. सगळं खोडलं आणि नुसतं 'उशिराबद्दल क्षमस्व' लिहिलं. तेही बसमध्ये कुणाला पाय लागल्यावर म्हणतो तसलं वाटलं. शेवटी लिहिलं: "उत्तर द्यायला नऊ दिवस उशीर झाला. चूक माझी आहे, उमेदवाराची नाही. तुमच्या प्रश्नांची उत्तरं खाली देत आहे. आणखी काही विचारायचं असल्यास आज दिवसभर मी फोनवर आहे." खाली उत्तरं दिली. पुन्हा घ्याल का? या प्रश्नापुढे लिहिलं, 'आनंदाने.'

दुपारी त्यांचं उत्तर आलं, सोमवारी तिला रुजू करून घेतो म्हणाले. मी लगेच तिला फोन लावला. आधी तिलाच रागावले, "अगं, एक फोन करायचा होता ना मला! काहून नाही केला?"

"कसा करू, मॅडम? मले वाटलं, माझ्याबद्दल चांगलं लिहाले तुमच्याजवळ काही नसन. म्हणून तुम्ही गप्प आहा."

ऑडिट, मशीन, सासूबाई, सगळं पुन्हा ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"नाही वं. चूक माझी. मी उत्तर द्यायचं ठेवून दिलं."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझं काम चांगलं होतं ना, मॅडम?"

तीन वर्षांत हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं.