सात वेळा उसवलेला ब्लाउज

मी चांगला टेलर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून तुमचा विश्वास बसणार नाही.

गोडादरा वस्तीतल्या एका गल्लीत माझं छोटंसं दुकान. साड्यांना लेस लावणारी कविता मोरपंखी ब्लाउज शिवायला टाकून गेली. सोबत मापाला जुना ब्लाउज. मी सुताचाही फरक न ठेवता शिवला. तिने घालून पाहिला आणि म्हणाली, "सैल आहे."

सैल? माझा? पण ती हसत होती! मी गपगुमान दोन्ही बाजूंनी अर्धं बोट आत घेतला.

चार दिवसांनी, "घट्ट झाला हो!"

उसवला. मग काखेत मुंढा काचतो, मग बाही लांब, मग टक्स वर गेले. (टक्स म्हणजे शिवून घातलेल्या चुण्या; त्या स्वतःहून कुठे जात नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.) एकदा तर शिवण घरूनच उसवून आणली! दोऱ्याची टोकं दातांनी तोडलेली. त्या दिवशी मी दुकानात शिट्टी वाजवली.

गल्लीत मात्र माझी अब्रू गेली. "एक ब्लाउज जमेना, ह्याला कोण कापड देणार?" आणि पुन्हापुन्हा उसवून शिवणीत सुईची भोकं पडली होती. अजून एक-दोनदा, की कापडच फाटणार. मग ती येणार कशाला?

सातव्या खेपेला तिची आईच आली. गावाकडे स्वतः मशीन चालवलेली बाई! तिने ब्लाउज उलटा करून काउंटरवर पसरला.

"हाई काय शे? काय आहे हे?"

"काकू, थोडं फिटिंग..."

"गप!" तिने जुना ब्लाउज त्यावर ठेवला. तंतोतंत! मग भोकांच्या ओळींवर बोट फिरवलं. "आत, बाहेर, पुन्हा आत. आणि इतक्यांदा उसवून माया कापली नाहीस?"

माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड. ते आहे, तोवरच ब्लाउज सैल करता येतो.

तिने कात्री माझ्या हातात दिली. "काप. माझ्यासमोर. विषय संपला."

मागे कविता उभी. पार रडवेली. मी कात्री खाली ठेवली.

"नाही कापत, काकू. ब्लाउज पहिल्या दिवशीच बरोबर होता. मला ती परत यायला हवी होती."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत मापलं. मग लेकीला. "आणि तुला?"

"मीच आधी सैल म्हटलं ना, आई!"

"अगं बाई! मग तोंडानं बोलायचं, की कापडाचा जीव घ्यायचा?" काकू खो खो हसल्या. "रविवारी आईबापांना घेऊन ये रे, चहाला."

जिंकलो! गल्लीभर पेढे वाटले. अब्रू गेली ती गेली, बायको तर आली!

आज तो ब्लाउज तिला खरोखर घट्ट होतो. "माया आहे ना? शिवण सोडून द्या," ती म्हणते. तीन महिने मी "उद्या" म्हणतोय. परवा वैतागून तिने तो समोरच्या टेलरकडे टाकला.

आता ती तिकडे किती खेपा मारते, ते मी काउंटरवर बसून मोजतोय!